मोठं आतडं काढायचं, पण कोणाचं?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या शल्यचिकित्सकांनी १९९७ साली आपल्याकडच्या जुनाट बद्धकोष्ठतेच्या रुग्णांचा हिशेब मांडला होता. त्यांच्याकडे १००९ रुग्ण आले होते. यातले बहुतेक गल्लीतल्या दवाखान्यापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत सगळीकडे फिरून, सगळी औषधं घेऊन थकलेले. या १००९ जणांच्या नीट तपासण्या झाल्या आणि शेवटी मोठं आतडं काढण्याची शस्त्रक्रिया झाली ती फक्त ७४ जणांवर. त्या ७४ जणांचे निकाल उत्तम होते. मला मात्र या आकड्यांमध्ये जास्त महत्त्वाचे वाटतात ते उरलेले ९३५. या शस्त्रक्रियेचं यश सुरीपेक्षा निवडीवर जास्त अवलंबून असतं. ती निवड कशी होते, हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असायला हवं.

आधी आतड्याचं काम पाहू. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं. लहान आतड्यातून त्यात रोज साधारण एक ते दीड लिटर पातळ ऐवज येतो. त्यातलं बहुतेक पाणी शोषून उरलेला मळ ते गुदाशयाकडे ढकलतं. दिवसभर आतड्याच्या बारीकसारीक हालचाली चालू असतात, पण त्यांनी मळ फक्त घुसळला जातो. तो खऱ्या अर्थाने पुढे सरकतो दिवसातून मोजक्या वेळा उठणाऱ्या जोरकस लाटांनी. सकाळी जाग आल्यावर आणि जेवणानंतर या लाटा जास्त उठतात. चहा घेतला की संडासला लागते, ती यामुळेच.

मंदगती बद्धकोष्ठतेत या मोठ्या लाटाच कमी होतात, काही जणांत जवळजवळ थांबतात. जेवणानंतर आतड्याला जी चालना मिळायला हवी, तीही मिळत नाही. निरोगी माणसात मळ मोठ्या आतड्यातून सर्वसाधारणपणे दीड-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत बाहेर पडतो. इथे तो आठ-आठ दिवस आत राहतो. अशा रुग्णांची काढलेली आतडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा काहाल पेशी कमी झालेल्या आढळल्या. आतड्याच्या स्नायूंना आकुंचनाची लय देणाऱ्या या पेशींना स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचं नाव मिळालं आहे. त्या कमी का होतात, याचं समाधानकारक उत्तर बहुतेक रुग्णांत मिळत नाही. त्या आतड्याच्या भिंतीत खोलवर, स्नायूंच्या थरात असतात. कोलोनोस्कोपीत दिसतं ते फक्त वरचं अस्तर. म्हणूनच या रुग्णांची कोलोनोस्कोपी नॉर्मल येते, आणि मग ‘तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य त्यांना वारंवार ऐकावं लागतं. आजार बहुतांशी तरुण स्त्रियांचा असल्याने हे वाक्य आणखी सहज उच्चारलं जातं. ते चूक आहे.

आता एक उदाहरण घेऊ. ही कोणा एका बाईची हकिकत नाही. अशा रुग्णांची वाट कशी जाते ते कळावं म्हणून जुळवलेली आहे. बाई एकोणतीस वर्षांची, नोकरी करणारी. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांनी शौचाला होते. मुख्य म्हणजे मधल्या दिवसांत तिला संडासची भावनाच होत नाही. ‘लागतच नाही’ हे तिचं वाक्य अनुभवी डॉक्टर लगेच टिपून घेतो. आजीने एरंडेल दिलं, आईने त्रिफळा, शेजारणीने सोनामुखी. पुढे इसबगोल सुरू झालं आणि पोट डब्ब होऊन दुखायला लागलं. सगळे सांगत राहिले की पालेभाज्या वाढव, पाणी पी. तिने वाढवलं, आणि पोट आणखी फुगलं. चोथा वाढवण्याचा सल्ला साध्या बद्धकोष्ठतेत उपयोगी पडतो. ज्या आतड्यात पुढे ढकलण्याचा जोरच नाही, तिथे तो चोथा साचून राहतो, आंबतो आणि वायू वाढवतो. आता ती दर शनिवारी रात्री बिसाकोडिलच्या चार-पाच गोळ्या एकदम घेते आणि रविवार संडासात जातो.

ती विचारते, ‘डॉक्टर, सगळी औषधं झाली. आता ऑपरेशनच करून टाका ना.’

सगळी औषधं झाली म्हणजे नेमकं काय झालं, इथून काम सुरू होतं. जुन्या चिठ्ठ्या काढून बसलं की बऱ्याचदा दिसतं, की पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर चार दिवस घेऊन सोडली, दुसरी गोळी पोटात मुरडा आला म्हणून तिसऱ्या दिवशी बंद केली, तिसरी महाग पडली. औषध निकामी ठरलं असं म्हणायचं तर ते पूर्ण मात्रेत, रोज, काही आठवडे घेतलेलं हवं. पाणी धरून ठेवणारी पावडर रोज दोनदापर्यंत वाढवून पाहावी लागते. तिच्या जोडीला बिसाकोडिल किंवा पिकोसल्फेटसारखं आतड्याला चाळवणारं औषध आठवड्यातून ठरावीक दिवशी द्यावं लागतं. या औषधांनी आतडं कायमचं निकामी होतं ही भीती घरोघरी आहे, पण नेमून दिलेल्या मात्रेत घेतल्यास तसं होतं याला भक्कम पुरावा नाही. त्यानंतर प्रुकॅलोप्राइड, रोज दोन मिलिग्रॅम. ते आतड्यातल्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकाला चेतवून त्या मोठ्या लाटा वाढवतं, म्हणून या आजारात त्याला खास महत्त्व आहे. महिनाभरात त्याचा काहीच परिणाम दिसला नाही, तर पुढे चालू ठेवण्यात फारसा अर्थ नसतो. लिनाक्लोटाइड आणि लुबिप्रोस्टोन ही आतड्यात पाणी सोडायला लावणारी औषधंही अशीच पुरेसा वेळ देऊन पाहायची असतात.

याच बैठकीत दुसऱ्या कशासाठी काय चालू आहे, तेही विचारलं जातं. लोहाच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, रक्तदाबासाठी वेरापामिल, झोपेसाठी वा डोकेदुखीसाठी अमिट्रिप्टिलिन ही सगळी आतडं मंदावणारी औषधं आहेत. थायरॉइड, रक्तातली साखर आणि कॅल्शियम तपासलं जातं. आणि हा त्रास वर्षानुवर्षांचा नसून पन्नाशीनंतर नव्याने सुरू झाला असेल, रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर मामला वेगळा आहे. तिथे सगळ्यात आधी कर्करोग नाही ना, हे पाहावं लागतं.

आपल्या उदाहरणातल्या बाईंनी औषधं सहा महिने शिस्तीने घेतली. फरक थोडा पडला, पुरेसा नाही. मग गती मोजण्याची पाळी आली.

ही तपासणी साधी आहे. एक कॅप्सूल गिळायची, तिच्यात क्ष-किरणात दिसणारी चोवीस बारीक कडी असतात. त्या काळात जुलाबाची कुठलीही गोळी घ्यायची नाही. पाचव्या दिवशी पोटाचा एक एक्स-रे. पाच किंवा त्याहून जास्त कडी अजून आत असतील तर गती मंद. आपल्या देशात माणसांची आतडी पाश्चात्त्यांपेक्षा जलद चालतात. म्हणून लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी भारतीयांसाठी कमी वेळाची पद्धत बसवली. तिच्यात ३६ आणि ६० तासांनी एक्स-रे काढतात. पद्धत कुठलीही असो, संख्येइतकंच कडी कुठे आहेत हे पाहायचं असतं. आपल्या बाईंच्या फिल्ममध्ये एकवीस कडी होती. काही उजवीकडे, काही वरच्या आडव्या भागात, काही डावीकडे, अशी पोटभर विखुरलेली. म्हणजे आतड्याचा कुठलाच भाग नीट पुढे ढकलत नव्हता. तीच कडी खाली गुदाशयाजवळ गोळा झालेली दिसली असती, तर अर्थ वेगळा झाला असता. रस्ता ठीक, पण दार उघडत नाही.

दाराचा प्रश्न मात्र इथे सुटत नाही, कारण मंदगती आणि बंद दार एकाच माणसात असू शकतात, आणि बऱ्याचदा असतात. शौचाला बसल्यावर पोटाने जोर लावायचा आणि गुदद्वाराचे स्नायू सैल सोडायचे, ही दोन कामं एका वेळी व्हावी लागतात. काही जणांत जोर लावताच ते स्नायू उलट आवळले जातात. माणसाला हे कळत नाही, त्याने कुंथणं वाढवलं की स्नायू आणखी आवळतात. हे शोधायला गुदाशयात एक छोटा फुगा सरकवतात, त्यात पन्नास मिलिलिटर कोमट पाणी भरतात आणि रुग्णाला पडद्याआड कमोडवर बसवून तो बाहेर टाकायला सांगतात. एक मिनिटात जमायला हवं. जोडीला मॅनोमेट्री होते. दाब मोजणारी बारीक नळी आत ठेवून जोर लावताना आतला दाब वाढतो का आणि दाराचा दाब उतरतो का, ते पाहतात. गुदाशय फुगवला की आतला झडपेचा स्नायू आपोआप सैल पडतो का, हेही यातच दिसतं. तो सैल पडलाच नाही, तर हिर्शस्प्रुंग हा जन्मजात आजार मोठेपणीपर्यंत लपून राहिल्याची शंका घ्यावी लागते. त्याची शस्त्रक्रिया वेगळी असते.

बाईंना तो फुगा मिनिटात टाकता आला नाही. पाच मिनिटांतही नाही.

ऑपरेशनची घाई झाली असती, तर चूक इथेच झाली असती. दार बंद ठेवून मोठं आतडं काढलं, तर आतड्यातला ऐवज गुदाशयापाशी येऊन तिथेच अडतो. आतडं तर गेलेलं असतं आणि कुंथणं तसंच राहतं. म्हणून आधी बायोफीडबॅक. गुदाशयात दाबाची नळी, समोर पडद्यावर दाबाची रेघ. रुग्ण जोर लावतो, रेघ वर जाते, म्हणजे स्नायू आवळले गेले. थेरपिस्ट श्वास कसा घ्यायचा, पोट कसं फुगवायचं, खालचे स्नायू कधी सोडायचे हे शिकवतात आणि रुग्ण आपल्याच रेघेकडे पाहून ते शिकतो. साधारण चार ते सहा बैठका लागतात, आणि घरी रोजचा सराव. बंद दाराच्या दुखण्यात हा उपचार बहुसंख्य रुग्णांना उपयोगी पडतो, आणि त्यातल्या कित्येकांची मंद गतीही मागाहून सुधारते. खाली तटलेला मळ वरच्या आतड्यालाही मंदावतो, हे त्याचं कारण. आपल्याकडे ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांतच मिळते, ही खरी अडचण आहे. लहान गावातल्या रुग्णाला शस्त्रक्रियेचा सर्जन आधी भेटतो आणि बायोफीडबॅकचा थेरपिस्ट कधीच भेटत नाही.

सहा बैठकांनंतर बाईंनी फुगा अर्ध्या मिनिटात टाकला. कड्यांची तपासणी पुन्हा झाली, एकोणीस कडी आत, तशीच विखुरलेली. आता चित्र स्वच्छ झालं. दार उघडतंय, आतडं चालत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. मंदपणा फक्त मोठ्या आतड्याचा आहे, की जठर आणि लहान आतडंही तसंच आहे? दोन घास खाल्ले की पोट भरणं, वारंवार उलट्या होणं, वजन उतरणं अशी लक्षणं असतील तर संशय वाढतो. जठर किती वेळात रिकामं होतं आणि लहान आतड्यातला प्रवास कसा आहे, हे त्यासाठी मोजून घेतात. सगळी पचनसंस्थाच मंद असेल, तर मोठं आतडं काढून समाधान मिळण्याची शक्यता बरीच घटते, कारण पोट फुगणं आणि मळमळ वरच्या भागातून येत असते. शंका राहिलीच, तर काही सर्जन आधी तात्पुरती इलिओस्टॉमी करतात. लहान आतड्याचं टोक पोटावर काढून पिशवी लावायची आणि काही महिने पाहायचं. पिशवीत रोज व्यवस्थित ऐवज येतोय, पोट हलकं झालंय, तर पुढचं पाऊल. तेव्हाही पोट तसंच फुगत असेल, तर मोठं आतडं काढून काही साधणार नाही, हे परत फिरता येण्याजोग्या टप्प्यावर कळतं.

मानसोपचारतज्ज्ञाची भेटही या वाटेत असते. ‘मनाचे खेळ’ या आरोपाशी तिचा संबंध नाही. खाण्याचे विकार, तीव्र नैराश्य किंवा पूर्वी झालेलं लैंगिक शोषण ज्यांच्या दुखण्याशी गुंतलेलं असतं, त्यांना नुसत्या शस्त्रक्रियेने आराम पडत नाही, हा अनेक केंद्रांचा अनुभव आहे.

एवढं झाल्यावर सर्जन जो प्रश्न विचारतो, तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘तुमचा सगळ्यात मोठा त्रास कुठला? शौचाला न होणं, की पोट दुखणं आणि फुगणं?’ कारण ही शस्त्रक्रिया पहिल्या त्रासावर जवळजवळ खात्रीने काम करते आणि दुसऱ्यावर तसं करत नाही. लंडनच्या नोल्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली तोवरच्या बत्तीस रुग्णमालिका एकत्र पाहिल्या, तेव्हा समाधानी रुग्णांचं प्रमाण कुठे ३९ टक्के तर कुठे शंभर टक्के निघालं. शस्त्रक्रियेनंतरही पोटदुखी राहिलेल्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं. शस्त्रक्रिया जवळपास तीच, निकालांत एवढी तफावत. निवडीतला आणि मोजमापातला फरक आहे तो.

शस्त्रक्रियेत सगळं मोठं आतडं काढतात आणि लहान आतड्याचं टोक गुदाशयाच्या वरच्या भागाला जोडतात. आता हे बहुधा दुर्बिणीतून होतं. थोडंच आतडं काढलं तर चालणार नाही का, हे प्रत्येक रुग्ण विचारतो. चालण्याची खात्री नसते. कडी एकाच भागात अडकलेली दिसली, तरी उरलेला भाग निरोगी असतो असं नाही, आणि खालचा भाग लांब ठेवला तर बद्धकोष्ठता परतण्याचा धोका वाढतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग जागेवर राहत असल्याने अन्नाचं पोषण आणि बी-१२ जीवनसत्त्व मिळत राहतं. जातं ते पाणी शोषण्याचं ठिकाण. सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला सहा-आठ वेळा पातळ होऊ शकतं, लोपेरामाइडची गोळी लागते, मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवावं लागतं. वर्षभरात गुदाशय आणि लहान आतडं सवय करून घेतात आणि दिवसाला दोन ते चार वेळांवर गाडी स्थिरावते. गुदद्वाराचे स्नायू बाळंतपणात दुबळे झाले असतील, तर एवढ्या पातळ शौचावर ताबा राहत नाही. म्हणून मॅनोमेट्रीतला दाब इथेही पाहिला जातो.

धोके स्पष्ट सांगायला हवेत. जोड गळण्याचा धोका कुठल्याही आतड्याच्या शस्त्रक्रियेत असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. या शस्त्रक्रियेची खास पीडा म्हणजे पुढे आतड्यांना चिकटपणा येऊन लहान आतडं अडणं. मेयोच्या मालिकेत ते नऊ टक्के जणांत झालं, नोल्स यांच्या आढाव्यात मध्यक प्रमाण अठरा टक्के होतं. पोटात कळा, उलट्या, वायूही न सरणं अशी लक्षणं दिसली तर रात्र काढत बसायचं नाही, लगेच रुग्णालयात जायचं, हे घरच्या प्रत्येकाला माहीत हवं. कधी नाकातून नळी घालून भागतं, कधी पोट पुन्हा उघडावं लागतं. थोड्या रुग्णांना अखेरीस कायमची पिशवी घ्यावी लागते.

आपल्या बाईंचं उत्तर होतं, ‘शौचाला न होणं. ते सुटलं तर बाकीचं मी सोसेन.’ तिची शस्त्रक्रिया झाली. वर्षानंतर दिवसातून तीन वेळा होतं, गोळी लागत नाही, एकदा आतडं अडून चार दिवस रुग्णालयात राहावं लागलं. पोट अजून फुगतं, पूर्वीपेक्षा कमी. अशा रुग्णांत याला चांगला निकाल म्हणतात.

हा सावधपणा उगाच आलेला नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले नामवंत सर्जन सर विल्यम अर्बथनॉट लेन यांची ठाम समजूत होती, की साचलेल्या मळातलं विष रक्तात जाऊन निम्मे आजार होतात. त्या समजुतीवर त्यांनी बद्धकोष्ठतेसाठी मोठी आतडी वगळली आणि काढलीही. काही रुग्ण दगावले. १९१३ साली रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये यावर मोठा वाद झाला आणि हळूहळू ती लाट ओसरली. त्या विषाला आधार नव्हता. तरी ‘आतड्यातली घाण काढा’ म्हणणाऱ्या जाहिराती आजही त्याच समजुतीवर विकल्या जातात.

ज्यांना शस्त्रक्रिया नाकारली जाते, त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. त्यातला सगळ्यात कमी माहीत असलेला म्हणजे गुदद्वारातून पाण्याने धुणं. फुगा असलेली नळी आत सरकवायची, फुगा भरून ती घट्ट बसवायची आणि हाताच्या पंपाने कोमट पाणी हळूहळू सोडायचं, साधारण अर्धा ते एक लिटर. मग फुगा रिकामा करून नळी काढली की पाणी आणि मळ बाहेर येतो. एक दिवसाआड अर्धा-पाऊण तास यात जातो. आतड्याला भोक पडण्याचा धोका दुर्मीळ आहे, पण आहे, म्हणून पहिल्या काही वेळा परिचारिकेसमोरच करायचं असतं. हे ज्यांना जमत नाही, त्यांच्या अपेंडिक्सचं टोक बेंबीजवळ बाहेर काढून तिथून मोठ्या आतड्यात पाणी सोडता येतं. पॅट्रिक मलोन यांनी १९९० साली मुलांसाठी मांडलेली ही पद्धत काही प्रौढांतही वापरतात. माकडीहाडाजवळच्या मज्जातंतूंना विजेची सूक्ष्म चेतना देणारं यंत्र बसवण्याबद्दल मध्यंतरी फार आशा होती, पण मंदगती बद्धकोष्ठतेत त्याचे निकाल निराशाजनक निघाले. कोणी ते सुचवलं, तर कोणत्या कारणासाठी सुचवत आहात, हे आधी विचारून घ्यावं.